इन्सिडंट रिपोर्टमध्ये बुलेट कुठे आणि परिच्छेद कुठे: एका बंद पडलेल्या पेमेंट सेवेच्या उदाहरणासह

सेवा बंद पडते, तासाभरात सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला सांगितलं जातं, ‘इन्सिडंट रिपोर्ट तू लिही.’ चॅटमध्ये दोनशे मेसेज पडलेले असतात, समोर एक रिकामं टेम्प्लेट असतं. अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात: सगळं बुलेटमध्ये टाकतात. टापटीप दिसतं, लवकर होतं, आणि व्याकरणाची भीती नसते. काही जण उलट टोकाला जातात आणि आकडे, वेळा, कामं, कारणं सगळं एका लांबलचक निबंधात ओततात. दोन्ही प्रकारांत रिपोर्ट तयार होतो खरा, पण ज्याला त्यातून काही शोधायचं आहे त्याला ते सापडत नाही.

कोणत्या विभागात काय वापरायचं, हे आवडीनिवडीवर सोडायची गरज नाही. त्यासाठी एक साधी चाचणी आहे आणि ती प्रत्येक विभागाला लावता येते. सॉफ्टवेअर सेवेचं एक काल्पनिक पण अगदी नेहमीचं उदाहरण घेऊन ती इथे लावून दाखवतो.

## उदाहरणातली घटना

एका अॅपमधून पेमेंट होतात. दुपारी नवीन रिलीज गेलं. त्यात अॅपच्या पहिल्याच पानावर ‘या महिन्याचा खर्च’ असा एक चौकोन आला. त्यामागची डेटाबेस क्वेरी ज्या कॉलमवर शोधते त्यावर इंडेक्स नव्हता, त्यामुळे प्रत्येक वेळी साधारण १२ सेकंद लागत होते. डेटाबेसकडे जाणारी ४० कनेक्शन होती, तीच पेमेंटसाठीही वापरली जात होती. ती सगळी या क्वेरीने अडवली आणि पेमेंट फेल व्हायला लागली. ऑन-कॉल इंजिनिअरने सर्व्हर रीस्टार्ट केले, चार मिनिटं बरं वाटलं, पुन्हा तेच. शेवटी रिलीज मागे घेतल्यावर सेवा पूर्ववत झाली. एकूण ४३ मिनिटं गेली.

## आधी चाचणी समजून घ्या

तुमच्याकडचे मुद्दे एकाखाली एक लिहा आणि मनातल्या मनात त्यांचा क्रम उलटापालटा करून पाहा. काहीच बिघडलं नाही, तर ती खरी यादी आहे, बुलेट वापरा. क्रम बिघडला आणि तो केवळ वेळेचा क्रम होता, तर वेळ लिहिलेला तक्ता वापरा. क्रम बिघडला आणि त्याबरोबर अर्थही बिघडला, म्हणजे एक मुद्दा दुसऱ्यावर उभा होता, तर तिथे परिच्छेदच हवा.

हेच दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. दोन मुद्दे जोडून वाचताना मध्ये ‘आणि’ येत असेल तर बुलेट चालतात. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तरीही’, ‘त्यामुळे’, ‘पण’ यांपैकी काही येत असेल, तर बुलेट त्या शब्दाला गिळून टाकतात. आणि घटनेच्या तपासात नेमके हेच शब्द शोधायचे असतात. सर्व्हर बंद पडला हे सगळ्यांनाच माहीत असतं. कशामुळे कशाचं काय झालं, हे माहीत नसतं म्हणून तर रिपोर्ट लिहायचा.

## पायरी १: कच्च्या नोंदी बुलेटमध्येच ठेवा

घटना चालू असताना सुबक वाक्यं लिहायची नसतात. त्या वेळी तुटक नोंदच योग्य असते: वेळ, काय दिसलं, कोणी काय केलं. चॅटमधून, अलर्टच्या इतिहासातून, डिप्लॉयच्या लॉगमधून या नोंदी उचलून एका जागी आणा. यात काही गाळू नका आणि सुधारूही नका. ‘डीबी हळू वाटतोय??’ असा मेसेज असेल तर तो तसाच घ्या, कारण त्या क्षणी लोकांना काय वाटत होतं याचा तो पुरावा आहे.

ही कच्ची यादी म्हणजे रिपोर्ट नव्हे, हे मात्र लक्षात असू द्या. पुष्कळ रिपोर्ट इथेच थांबलेले असतात: चॅट कॉपी केलं, पुढे ठिपके लावले, वर मथळा दिला आणि पाठवून दिलं.

## पायरी २: टाइमलाइन तक्त्यात

टाइमलाइन वाचणारा माणूस वरपासून खालपर्यंत वाचत नाही, तो शोधतो. ‘अलर्ट किती वाजता आला?’ ‘तोपर्यंत किती वेळ गेला होता?’ म्हणून इथे परिच्छेद नकोच. आपल्या घटनेची टाइमलाइन अशी होईल:

| वेळ (भारतीय प्रमाणवेळ) | काय घडलं |
|---|---|
| १३:५८ | नवीन रिलीज सर्व्हरवर जायला सुरुवात. १४:०२ ला सगळ्या सर्व्हरवर पोहोचलं |
| १४:०६ | लॉगमध्ये पहिलं फेल पेमेंट |
| १४:१२ | ग्राहक सेवेकडे पहिली तक्रार |
| १४:१७ | अलर्ट: डेटाबेसचा सीपीयू वापर ९० टक्क्यांवर |
| १४:२६ | ऑन-कॉल इंजिनिअरने अॅप्लिकेशन सर्व्हर रीस्टार्ट केले. १४:२७ पासून पेमेंट यशस्वी |
| १४:३१ | पेमेंट पुन्हा फेल व्हायला लागली |
| १४:३८ | डेटाबेसवर चालू असलेल्या क्वेरींची यादी पाहिली. ४० पैकी ४० कनेक्शनवर एकच क्वेरी |
| १४:४१ | रिलीज मागे घ्यायचा निर्णय |
| १४:४७ | रोलबॅक पूर्ण |
| १४:४९ | पेमेंटचं प्रमाण नेहमीसारखं |

तक्त्यात कुठेही कारण दिलेलं नाही, हे पाहा. ‘इंडेक्स नसल्यामुळे’ हे शब्द १४:०६ च्या ओळीत घालायचा मोह होतो, पण १४:०६ ला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. नंतर कळलेली गोष्ट आधीच्या ओळीत घातली की वाचणाऱ्याला वाटतं, कारण समोर होतं तरी लोकांनी अर्धा तास घालवला. टाइमलाइनमध्ये फक्त त्या वेळी दिसलेलं आणि त्या वेळी केलेलं.

दुसरी गोष्ट, वेळ एकाच टाइम झोनमध्ये ठेवा आणि तो वर लिहा. लॉग यूटीसीमध्ये आणि चॅट स्थानिक वेळेत असल्यामुळे ओळी पुढेमागे होतात, हा नवख्यांचा सर्वांत नेहमीचा घोळ आहे.

आणि एखादी ओळ दोन वाक्यांच्या पुढे जायला लागली, तर समजा की ती ओळ तुम्हाला काहीतरी समजावू पाहते आहे. तो मजकूर तिथून काढा आणि पुढच्या विभागासाठी बाजूला ठेवा. ‘रीस्टार्ट केले’ इतकंच तक्त्यात. का केले, ते परिच्छेदात.

तक्त्याचा फायदाही इथेच दिसतो. पहिली तक्रार १४:१२ ला आणि अलर्ट १४:१७ ला, म्हणजे ग्राहकांनी आपल्या यंत्रणेच्या पाच मिनिटं आधी सांगितलं होतं. परिच्छेदात या दोन वेळा चार ओळींच्या अंतरावर गेल्या असत्या आणि ही गोष्ट कोणाच्या नजरेत भरली नसती.

## पायरी ३: परिणामांचे आकडे बुलेटमध्ये, गुंतागुंत परिच्छेदात

परिणामांचा विभाग हा मिश्र असतो. त्यातला बराचसा भाग यादीचा असतो, कारण आकडे एकमेकांवर अवलंबून नसतात:

- कालावधी: १४:०६ ते १४:४९, म्हणजे ४३ मिनिटं (मध्ये ४ मिनिटं तात्पुरता दिलासा).
- या काळात पेमेंटचे १८,६०० प्रयत्न झाले, त्यांपैकी ६,१५० फेल.
- ३७ ग्राहकांकडून दोनदा पैसे घेतले गेले. सर्वांना परतावा दिला आहे.
- लॉगिन वेगळ्या डेटाबेसवर असल्याने सुरू होतं.
- कोणताही डेटा नष्ट झाला नाही.

यातल्या चार ओळी वाचून माणूस पुढे जातो. तिसऱ्या ओळीवर मात्र तो अडतो: पेमेंट फेल झाली हे समजलं, पण दोनदा पैसे कसे गेले? हा प्रश्न बुलेटमध्ये मिटत नाही, कारण त्याच्या उत्तरात तीन ‘म्हणून’ आहेत. मग यादीच्या खाली एक छोटा परिच्छेद लिहायचा:

> अॅपला दहा सेकंदांत उत्तर आलं नाही, तर ते तीच पेमेंट विनंती आणखी दोनदा पाठवतं. काही विनंत्या बँकेपर्यंत पोहोचल्या, पैसेही कापले गेले, पण कनेक्शनसाठी थांबावं लागल्यामुळे उत्तर अॅपकडे दहा सेकंद उलटल्यावर आलं. तोवर अॅपने दुसरी विनंती पाठवली होती. प्रत्येक विनंतीला नवा व्यवहार क्रमांक दिला जात असल्यामुळे बँकेला या दोन विनंत्या एकाच व्यवहाराच्या आहेत हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून तिने दोन्ही मान्य केल्या.

शेवटच्या वाक्यात एक स्वतंत्र दोष उघडा पडला आहे. नेटवर्क कधीही मंद झालं तरी दोनदा पैसे कापले जाऊ शकतात. त्याचा इंडेक्सशी संबंध नाही. ‘३७ ग्राहकांना दुहेरी आकारणी’ एवढीच बुलेट ठेवली असती तर परतावा दिला म्हणून विषय तिथेच संपला असता.

## पायरी ४: कारणमीमांसा परिच्छेदातच लिहा

हा रिपोर्टचा गाभा आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. प्रत्यक्षात दिसणारी कारणमीमांसा बहुतेक वेळा अशी असते:

- रिलीजमध्ये नवीन क्वेरी
- इंडेक्स नाही
- कनेक्शन पूल भरला
- अॅपच्या रिट्रायमुळे ताण
- अलर्ट उशिरा आला
- रीस्टार्टचा उपयोग झाला नाही

यातली एकही ओळ खोटी नाही. तरीही यावरून तीन माणसं तीन वेगळे निष्कर्ष काढतील. एक म्हणेल, पूल छोटा होता, १०० कनेक्शन करू. दुसरा म्हणेल, रिट्राय बंद करू. तिसरा म्हणेल, रीस्टार्ट चुकीचा होता, ऑन-कॉलला प्रशिक्षण देऊ. यादी तिघांनाही अडवत नाही, कारण कोणती गोष्ट कशामुळे घडली आणि कोणत्या गोष्टीने फक्त भर घातली, हे तिने सांगितलंच नाही. सहा ठिपक्यांपुढे सहाही कारणं सारख्याच वजनाची दिसतात.

आता तेच वाक्यांत:

> नव्या रिलीजमुळे अॅप उघडताच ‘या महिन्याचा खर्च’ काढणारी क्वेरी चालायला लागली. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स नसल्यामुळे डेटाबेसला संपूर्ण तक्ता वाचावा लागत होता आणि ताण नसतानाही एका क्वेरीला साधारण १२ सेकंद लागत होते. चाचणीच्या डेटाबेसमध्ये काही हजारच ओळी असल्याने तिथे ती लगेच पूर्ण झाली होती आणि कोणाला शंका आली नाही.
>
> एक क्वेरी एक कनेक्शन १२ सेकंद धरून ठेवते आणि एकूण कनेक्शन ४० आहेत. म्हणजे सेकंदाला तीन-चार जणांनी अॅप उघडलं, तरी सगळी कनेक्शन अडकतात. दुपारची नेहमीची वर्दळ याहून जास्त असते. पेमेंटलाही हीच कनेक्शन लागत असल्यामुळे पेमेंट स्वतः निर्दोष असूनही रांगेत अडकलं. कनेक्शनची संख्या १०० केली असती, तरी सेकंदाला आठ-नऊ जणांनी ती भरली असती. बिघाड टळला नसता, फक्त थोडा उशिरा झाला असता.
>
> अॅपच्या पुनःप्रयत्नांमुळे हा बिघाड सुरू झाला नाही, पण रांगेतल्या विनंत्या तिपटीपर्यंत वाढल्या.

परिच्छेद लिहायला बसल्यावरच ४० भागिले १२ हा हिशेब करावा लागला. यादीत ‘कनेक्शन पूल भरला’ लिहिताना तो करायची गरजच पडली नव्हती. पूर्ण वाक्याचा हा मोठा उपयोग आहे: ‘म्हणून’ लिहिलं की लेखणी थांबते आणि खरंच ‘म्हणून’ आहे का, हे तपासावं लागतं. न जुळणारी जागा लिहिणाऱ्यालाच आधी टोचते. मुद्द्यामागून मुद्दा टाकत गेलं की असं कधी होत नाही.

या विभागात परिच्छेद लहान ठेवा, पाच-सहा वाक्यांचे. एका परिच्छेदात एकच दावा: क्वेरी मंद का होती, मंद क्वेरीने पेमेंट का अडवलं, पुनःप्रयत्नांनी काय केलं. वरच्या उदाहरणात तीन परिच्छेद आहेत ते याच कारणासाठी.

## उपबुलेटची पातळी वाढली की सावध व्हा

कारणांची साखळी बुलेटमध्ये बसेना, की लोक बुलेटखाली बुलेट, तिच्याखाली आणखी एक, असं करत जातात. उजवीकडे सरकत जाणारी रचना पाहून वाटतं की आपण नातं दाखवतो आहोत. पण ‘आत सरकवलेली’ ओळ म्हणजे वरच्या ओळीचं कारण, परिणाम, उदाहरण की अपवाद, हे वाचणाऱ्याला कळत नाही. शिवाय जी ओळ जितकी आत, तितकी ती कमी महत्त्वाची, असं डोळा आपोआप धरून चालतो.

याची किंमत किती मोठी असू शकते, ते कोलंबिया अंतराळयानाच्या अपघातानंतर नोंदलं गेलं. १६ जानेवारी २००३ ला उड्डाण करताना इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज स्लाइडवर मांडला होता. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता आणि खाली अनेक पातळ्यांच्या बुलेट होत्या. प्रत्यक्ष आदळलेल्या तुकड्याचं आकारमान अंदाजे १,९२० घनइंच, तर ज्या चाचण्यांच्या आधारे अंदाज बांधला त्यातला तुकडा ३ घनइंचांचा, ही सर्वांत धोक्याची गोष्ट अगदी तळाला, खालच्या पातळीच्या बुलेटमध्ये होती. म्हणजे चाचण्या या धडकेला लागूच पडत नव्हत्या. १ फेब्रुवारी २००३ ला परतताना यान तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडचं विश्लेषण छापलं आहे, आणि तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या सवयीवर टीकाही आहे. अपघाताची कारणं इतर अनेक होती, पण माहिती कागदावर असूनही वाचणाऱ्यापर्यंत पोहोचली नाही, ही गोष्ट रिपोर्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

तेव्हा दोन पातळ्यांवर थांबा. तिसरी पातळी लागली, तर तो मजकूर वाक्यांत लिहून पाहा. ‘चाचण्या ३ घनइंचांच्या तुकड्यावर झाल्या, प्रत्यक्ष तुकडा १,९२० घनइंचांचा होता, त्यामुळे चाचण्यांवरून काहीही ठरवता येत नाही’ हे वाक्य बनलं की ते तळाला ठेवायचं धाडस कोणाला होत नाही.

## पायरी ५: माणसांचे निर्णय परिच्छेदात

रीस्टार्टचा मुद्दा अजून राहिला आहे. ‘रीस्टार्टचा उपयोग झाला नाही’ ही बुलेट वाचली की पहिला विचार येतो, मग केला कशाला? संदर्भ कापला गेला की साधी नोंदही आरोपासारखी वाटते. परिच्छेद असा:

> १४:१७ चा अलर्ट डेटाबेसच्या सीपीयूबद्दल होता. कनेक्शन संपल्याबद्दल कोणताही अलर्ट नाही. ऑन-कॉल ड्यूटीच्या सूचनापत्रात या अलर्टसाठी पहिला उपाय म्हणून रीस्टार्टच दिला आहे. रीस्टार्टने अडकलेली कनेक्शन सुटली, म्हणून १४:२७ पासून पेमेंट यशस्वी झाली. पण क्वेरी अजून चालूच होती, त्यामुळे चार मिनिटांत कनेक्शन पुन्हा भरली. या दिलाशामुळे उपाय बरोबर वाटला आणि क्वेरींची यादी १४:३८ पर्यंत पाहिली गेली नाही.

आता दोष माणसावरून सरकून जिथे आहे तिथे गेला: अलर्ट चुकीच्या गोष्टीवर आहे आणि सूचनापत्र जुनं आहे. दोन्ही दुरुस्त करता येतात. या विभागात नावं नकोत, भूमिका लिहा: ‘ऑन-कॉल इंजिनिअर’, ‘रिलीज पाहणारी टीम’. निर्णय घेताना त्या माणसाच्या स्क्रीनवर काय होतं, हे एक वाक्य प्रत्येक निर्णयासोबत असायलाच हवं.

## पायरी ६: पुढची कामं यादीत, पण पूर्ण वाक्यात

इथे परिच्छेद घातक ठरतो. ‘टीमने ठरवलं की इंडेक्सबाबत अधिक दक्षता घेतली जाईल, तसंच अलर्टही सुधारले जातील’ असं लिहिलं की कोण, कधीपर्यंत, आणि झालं हे कसं कळणार, यातलं काहीच उरत नाही. वाचताना छान वाटतं आणि काम होत नाही. प्रत्येक काम वेगळ्या ओळीत हवं म्हणजे त्यावर खूण करता येते.

मात्र बुलेट म्हणजे दोन शब्द नव्हेत. ‘अलर्ट सुधारणे’ ही नोंद महिन्याभराने वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्यापेक्षा:

- प्लॅटफॉर्म टीम, १५ तारखेपर्यंत: कनेक्शन मिळायला २ सेकंदांहून जास्त लागले तर अलर्ट. तपासणी: चाचणी सर्व्हरवर मुद्दाम कनेक्शन अडवून अलर्ट येतो का पाहणे.
- पेमेंट टीम, २० तारखेपर्यंत: पुनःप्रयत्नाला मूळ विनंतीचाच व्यवहार क्रमांक. तपासणी: एकच विनंती दोनदा पाठवून एकदाच पैसे कापले जातात का पाहणे.
- पेमेंट टीम, २० तारखेपर्यंत: पेमेंटसाठी वेगळी कनेक्शन राखून ठेवणे, म्हणजे इतर कोणत्याही क्वेरीने ती अडणार नाहीत.
- डेटा टीम, महिनाअखेरपर्यंत: चाचणीच्या डेटाबेसमध्ये खऱ्याइतक्या ओळी भरणे.
- ग्राहक सेवा आणि ऑन-कॉल, १० तारखेपर्यंत: पेमेंटच्या सलग तीन तक्रारी आल्या की ऑन-कॉलला थेट फोन, असा मार्ग ठरवणे.

यातलं प्रत्येक काम वरच्या एखाद्या परिच्छेदातून किंवा टाइमलाइनमधून निघालं आहे. उलट तपासणीही करा: ज्या कामाचं कारण वर कुठेच नाही, ते काम कोणाच्या तरी मनातलं जुनं आहे, ते या रिपोर्टमधून काढा. आणि ज्या दोषाला खाली काम नाही, तिथे ‘सध्या काही करणार नाही’ असं स्पष्ट लिहा. आपल्या यादीत ‘सूचनापत्र बदलणे’ राहून गेलं आहे. पायरी ५ चा परिच्छेद शेजारी ठेवल्यावर ते लगेच दिसतं.

## पायरी ७: सारांश शेवटी लिहा, वर ठेवा, परिच्छेदात ठेवा

सारांश वाचणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे काहीच वाचत नाहीत. त्यांना चार-पाच वाक्यांत पूर्ण गोष्ट हवी: काय झालं, कोणाला त्रास झाला, का झालं, कसं थांबलं, आता धोका आहे का.

> नव्या रिलीजमधल्या एका मंद क्वेरीने डेटाबेसची सगळी कनेक्शन अडवल्यामुळे ४३ मिनिटं पेमेंट फेल होत होती. १८,६०० पैकी ६,१५० प्रयत्न फेल झाले आणि ३७ ग्राहकांकडून दोनदा पैसे घेतले गेले. ते परत केले आहेत. रिलीज मागे घेतल्यावर सेवा पूर्ववत झाली. ती क्वेरी आता बंद आहे, पण दुहेरी आकारणीचा मूळ दोष २० तारखेपर्यंत दुरुस्त होणार आहे, तोवर नेटवर्क मंद असताना तो पुन्हा होऊ शकतो.

शेवटचं वाक्य बुलेटमध्ये टाकून पाहा: ‘क्वेरी बंद’, ‘दुहेरी आकारणी: काम चालू’. धोका अजून टळलेला नाही, ही जी एकच गोष्ट वरिष्ठांना कळायला हवी होती, ती त्या ‘पण’ आणि ‘तोवर’ मध्ये होती.

## टेम्प्लेटने हात बांधले असतील तर

काही ठिकाणी फॉर्ममध्ये ‘मूळ कारण’ या चौकटीत आपोआप ठिपका येतो, किंवा अक्षरांची मर्यादा असते. टेम्प्लेट बदलायची वाट पाहू नका. एकाच ठिपक्यापुढे पूर्ण परिच्छेद लिहा. ठिपका राहिला तरी वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही. मर्यादा अगदीच कमी असेल तर साखळीचं एकच वाक्य तिथे लिहा, ‘अमुक झालं, त्यामुळे तमुक झालं, म्हणून ग्राहकाला हे दिसलं’, आणि पूर्ण कारणमीमांसा जोडपत्रात द्या.

## पाठवण्याआधी

घटनेच्या वेळी हजर नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला रिपोर्ट द्या. त्याला ‘समजलं का?’ असं विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात. नेमके प्रश्न विचारा: रीस्टार्टनंतर चार मिनिटं बरं का वाटलं? कनेक्शन १०० केली असती तर काय झालं असतं? अलर्टचं काम कोणाकडे आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याला स्वतःच्या शब्दांत देता आली नाहीत, तर कुठेतरी परिच्छेदाच्या जागी बुलेट आहेत. तिसऱ्याचं उत्तर शोधायला त्याला दहा सेकंदांहून जास्त लागले, तर कुठेतरी बुलेटच्या जागी परिच्छेद आहे. त्याचं बोट ज्या ओळीवर थबकलं, ती ओळ आधी दुरुस्त करा.